दोन डिस्कची पेटी घ्यावी, की तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात?

प्रश्न: माझं किरकोळ विक्रीचं छोटं दुकान आहे. सहा वर्षांचे हिशेब एकाच संगणकावर आहेत. रोज ४५ च्या आसपास बिलं होतात, उधारी साधारण दीड महिन्याच्या विक्रीइतकी असते आणि विक्रीच्या दहा टक्के निव्वळ नफा राहतो. बॅकअप म्हणून संगणकाला कायम लावलेला एक पेन ड्राइव्ह आहे. विक्रेता म्हणतो, दोन डिस्कची नॅस पेटी, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कला जोडून फाइली साठवायची पेटी, घ्या, एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं राहतं. त्यात माझा एका महिन्याचा नफा जाईल. दुसरा पर्याय म्हणजे दोन सुट्या हार्ड ड्राइव्ह आणि क्लाउड. पेटीची किंमत १०० धरली तर ड्राइव्हना १२ आणि क्लाउडला दरवर्षी १३ लागतात. ३-२-१ नियमाबद्दल ऐकलं आहे. पैसे कशात घालू?

उत्तर: नमस्कार. पेटी घेऊ नका, निदान आत्ता तरी. खर्च मात्र टाळू नका. तुमच्याच आकड्यांवरून दिसतं की इथे पणाला लागलेली रक्कम मोठी आहे.

नफा विक्रीच्या दहा टक्के, म्हणजे दीड महिन्याची विक्री हा तुमचा पंधरा महिन्यांचा नफा झाला. तेवढी रक्कम आज लोकांकडे आहे आणि ती कोणाकडे किती आहे हे फक्त त्या संगणकाला माहीत आहे. हिशेब गेला तर खरेदीची बिलं पुरवठादारांकडून परत मागवता येतील, बँकेचे व्यवहार बँकेकडून मिळतील. उधारीची नोंद मात्र दुसऱ्या कोणाकडे नसते. देणेकऱ्याने ती जपून ठेवावी असं त्याला काही कारणही नाही. चांगले ग्राहक आठवणीने पैसे देतील, पण नोंद नाही म्हणून पाव उधारी जरी बुडाली तरी पावणेचार महिन्यांचा नफा गेला. त्यापुढे एका महिन्याचा नफा खर्च करणं अवाजवी नाही. प्रश्न एवढाच, की त्या पैशात नेमका कोणता धोका टळतो.

पेटी एकच धोका टाळते, डिस्क बिघडण्याचा. तिच्यातल्या दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब असतात. एकीवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं, आणि एकीवरून पुसलं की दुसरीवरूनही पुसलं जातं. चुकून एखादं खातं उडालं, खंडणीच्या व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्ही डिस्कवर तीच अवस्था. चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं, तर पेटी आणि संगणक एकाच खोलीत आहेत. म्हणून प्रती मोजताना त्या दोन डिस्क मिळून एकच प्रत धरायची.

याचा फार मोठा दाखला २०१७ मध्ये मिळाला. जूनमध्ये नॉटपेट्या हा व्हायरस मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला. कोणाला कुठे लॉगिन करता येईल हे ठरवणारे तिचे सर्व्हर जगभर पसरलेले होते आणि एकमेकांची माहिती जुळवून घेत होते. त्यामुळे त्यांचा वेगळा बॅकअप हवा असं वाटलं नव्हतं. ते जवळजवळ सगळे एकदम गेले. एक वाचला तो घानातल्या कार्यालयातला, कारण हल्ला झाला तेव्हा तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. कंपनीला त्या एका प्रतीवरून पुन्हा उभं राहावं लागलं. तुमचा कायम लावलेला पेन ड्राइव्हही याच अर्थाने उघडा आहे: संगणकाला जे होईल ते त्यालाही होईल.

३-२-१ हा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने डिजिटल फोटो सांभाळण्यासाठी मांडला. माहितीच्या तीन प्रती, त्यात मूळ प्रत धरलेली. दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर. आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. यातल्या ‘दोन माध्यमांचा’ अर्थ असा घ्या, की दोन्ही प्रती एकाच कारणाने एकाच वेळी जाऊ नयेत. एकाच वेळी घेतलेले दोन सारखे पेन ड्राइव्ह ही अट पुरी करत नाहीत. हार्ड ड्राइव्ह आणि क्लाउड करतात. पेटी घेतलीत तर संगणक आणि पेटी अशा दोनच प्रती होतील, त्याही दुकानातच. म्हणजे महिन्याचा नफा देऊनही नियमातला ‘एक’ बाकीच राहतो, आणि आग किंवा चोरी झाली की नेमका तोच लागतो.

आता खर्च. ड्राइव्ह आणि क्लाउड स्वस्त आहेत म्हणून घ्या, असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांचा हिशेब करू. ड्राइव्हचे १२, क्लाउडचे पाच वेळा १३ म्हणजे ६५, आणि मधे एक ड्राइव्ह बदलावी लागेल असं धरून आणखी ६. एकूण ८३. पेटीच्या १०० पेक्षा कमी, पण फार नाही. मात्र क्लाउडचा हा आकडा मला मोठ्या योजनेचा वाटतो. छोट्या दुकानाचा बॅकअप झिप करून ३०० एमबीच्या आसपास बसतो असं धरा. रोजच्या ७ प्रती, महिनाअखेरच्या १२ आणि सहा वर्षांच्या वर्षअखेरच्या ६, अशा २५ प्रती झाल्या. त्यांना ७.५ जीबी पुरतात. तुमच्या बॅकअप फाइलचा खरा आकार बघून हाच गुणाकार करा आणि त्याला पुरेल अशी सगळ्यात लहान योजना मागा. ड्राइव्हही मोठ्या क्षमतेच्या नकोत.

जुन्या प्रती कशाला, असं वाटेल. हिशेबातली चूक त्याच दिवशी क्वचितच दिसते. मार्चमध्ये कोणी आरंभीची शिल्लक बदलली, तर ती बहुधा ताळेबंद जुळवतानाच सापडते. तोवर रोज त्याच फाइलवर नवी फाइल टाकत असाल तर सगळ्या प्रतींमध्ये चूक मुरलेली असते. म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात तारीख हवी, आणि महिनाअखेरची प्रत वर्षभर पुसायची नाही.

रोजचं काम दुकान बंद करताना करायचं. फोल्डर नुसतं उचलून कॉपी करू नका. सॉफ्टवेअर चालू असेल तर फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते; अशी प्रत कॉपी झालेली दिसते आणि उघडत नाही. सॉफ्टवेअरमधला बॅकअपचा पर्याय वापरा, झिपला पासवर्ड द्या, मग ड्राइव्ह जोडा, फाइल टाका आणि ड्राइव्ह काढून ठेवा. ती दहा मिनिटांपेक्षा जास्त जोडलेली नसावी. रोज फाइलचा आकार बघा. कालच्यापेक्षा अचानक निम्मा झाला तर काहीतरी सुटलं आहे. आठवडाभर अगदी तोच राहिला तर बहुधा जुनीच फाइल पुन्हा पुन्हा जाते आहे.

आठवड्यातून एकदा दुकानातली ड्राइव्ह घरी न्या आणि घरची दुकानात आणा. यात एक गोष्ट स्पष्ट असू द्या: दुकान जळालं आणि क्लाउडही उघडलं नाही, तर घरच्या ड्राइव्हवरची प्रत सहा दिवस जुनी असू शकते. ४५ बिलांप्रमाणे २७० बिलं. बिलामागे तीन मिनिटं धरली तर साडेतेरा तास नोंदी कराव्या लागतील, त्याही बिलांची कागदी प्रत शिल्लक असेल तर. हे परवडत नसेल तर अदलाबदल आठवड्यातून दोनदा करा. त्याला पैसे लागत नाहीत.

क्लाउडमध्ये लोक एका ठिकाणी हमखास फसतात. संगणकावरच्या फोल्डरशी आपोआप जुळत राहणारं क्लाउड फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि कुलूपबंद झालेल्या फाइली इमानेइतबारे वर चढतात. फाइलच्या जुन्या आवृत्त्या परत मिळतात का आणि किती दिवसांपर्यंत, हे पैसे भरण्याआधी विचारा. काही योजनांमध्ये ही मुदत महिन्याभराचीच असते, म्हणून तारीखवार झिप वेगळ्या चढवणंच बरं.

दुसरी अडचण लॉगिनची. क्लाउडला फोनवर येणारा कोड लागत असेल आणि चोराने संगणकाबरोबर फोनही नेला, तर तुमची प्रत शाबूत असूनही तुम्हाला उघडता येणार नाही. खातं उघडताना आणीबाणीसाठी काही कोड मिळतात. ते आणि झिपचा पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवा, आणि तो कागद कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगा. पासवर्ड हरवला तर ती झिप तुम्हालाही बंदच राहील.

एवढं करूनही प्रत चालते की नाही हे ती उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर कालची प्रत परत चढवा. दुकानातल्या चालू हिशेबावर नाही, नाहीतर आजच्या नोंदी पुसल्या जातील. मग तीन आकडे दुकानातल्या कालच्या आकड्यांशी ताडून बघा: शेवटचा बिल क्रमांक, रोख शिल्लक आणि एकूण उधारी. तिन्ही जुळले तर प्रत खरी. एकदा ड्राइव्हवरून करा, पुढच्या महिन्यात क्लाउडवरून. पहिल्या वेळी किती वेळ लागला ते लिहून ठेवा. बरेचदा फाइल हाताशी असते आणि सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल किंवा लायसन्स क्रमांकच सापडत नाही. त्या दोन्ही गोष्टी ड्राइव्हवर आत्ताच टाका.

तेव्हा पहिल्या वर्षी १२ अधिक क्लाउडचा हप्ता, तोही लहान योजनेचा, एवढंच बाहेर काढा. पेटीसाठी धरलेल्या रकमेतला उरलेला भाग खर्च करू नका. त्यातून पुढच्या वर्षांचे क्लाउडचे हप्ते आणि ड्राइव्ह बदलण्याचा खर्च भागवा. हप्ता चुकला तर काही काळाने कंपनी फाइली काढून टाकू शकते, म्हणून नूतनीकरणाची तारीख भाड्याच्या आणि विजेच्या देय तारखांशेजारी नोंदवा.

पेटीचा विचार पुन्हा कधी करायचा? दोन-तीन काउंटरवरून एकाच हिशेबात दिवसभर बिलं पडू लागली आणि डिस्क बिघडल्यामुळे अर्धा दिवस विक्री थांबणं महागात जाऊ लागलं, तर ती घ्या. तेव्हा ती धंदा चालू ठेवण्यासाठी केलेला खर्च असेल, आणि घरची ड्राइव्ह व क्लाउड तेव्हाही लागतीलच.