वर्षपूर्तीला काय बोलायचं

प्रिय भाऊ,
आशीर्वाद.

शनिवारी गटात तुझं जुगार सोडल्याचं वर्ष पूर्ण होतंय. काय बोलू, असं तू परवा फोनवर विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या वर्षपूर्तीला मी मटक्याची जोडी लागल्याचा किस्सा सांगितला होता. 100 रुपये लावले, 9,000 आले, बायकोला साडी घेतली, सगळं रंगवून सांगितलं. आकडाही सांगितला. टाळ्या पडल्या. दाराजवळ एक नवा माणूस बसला होता, खेळ सोडून त्याला चारच दिवस झाले होते. चहा व्हायच्या आत तो उठून गेला. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच सांगितलं, 'तुमचा आकडा डोक्यातून जाईना, त्याच संध्याकाळी लावला.' ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणून जिंकलेली रक्कम, आकडा, संघाचं नाव, यातलं काहीही तोंडातून काढू नको. ऐकणाऱ्यात कोणीतरी चार दिवसांचा असतोच.

'अगदी थोडक्यात हुकलं' हेही सांगू नको. 47 लावली आणि 48 आली की खेळणाऱ्याला वाटतं, जवळ पोचलो. पण 48 ही 47 पासून जितकी लांब, तितकीच 12 सुद्धा. लागली नाही म्हणजे लागली नाही. तू क्रिकेटच्या सेशनमध्ये किती रन होतील यावर लावायचास, त्याचंही तसंच, दोन रनांनी गेलं काय नि वीस रनांनी गेलं काय, पैसे सारखेच गेले. तरी हुकल्याची गोष्ट ऐकली की हात शिवशिवतो.

हिशेब मात्र जरूर सांग. आपल्या कापसाच्या मुलखात तो लोकांना पटतो, कारण मटक्यातले ओपन-क्लोज हे शब्दच कापसाच्या बाजारातून आलेत. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव उघडताना किती आणि बंद होताना किती, यावर मुंबईत पैसे लागायचे. ते भाव येणं थांबलं तसे चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला लागले. जोड्या 100, आणि लागली तर रुपयाला 90. म्हणजे सरासरीने शंभराचे नव्वद राहतात. तेच पुन्हा लावले की एक्याऐंशी. सातव्या फेरीला निम्म्याच्याही खाली. खेळणारा जिंकलेले पैसे घरी नेत नाही, परत लावतो, म्हणून नशीब चांगलं असलेलाही संपतो. मी हे कागदावर मांडलं त्या दिवशी पहिल्यांदा मला बुकीचा राग आला नाही, वजाबाकी समजली.

बाकी सगळा वेळ पैशांची व्यवस्था कशी बसवली ते सांगण्यात घालव. नव्या माणसाला तेच हवं असतं आणि तेच कोणी सांगत नाही. गटातली दोन जुनी माणसं तुझ्या घरी आली होती. आईसमोर तुला देणेकऱ्यांची यादी करायला लावली. आठ नावं झाली, आणि मामाचं नाव तू शेवटपर्यंत लपवलं होतंस. तो क्षण सांग. कागद उलटा करून तू मागच्या बाजूला लिहिलंस, आई काहीच बोलली नाही, नुसतं वाचत राहिली. मग घरखर्च आधी बाजूला काढला, उरलेल्यातून आठही जणांना थोडं थोडं, ठरलेल्या तारखेला. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून घ्यायचं नाही. सगळं कर्ज एकदम कोणी फेडून दिलं तर तेही घ्यायचं नाही. माझं भावाने एकदा फेडलं होतं, दोन महिन्यांत मी परत तेवढंच करून ठेवलं.

पगार आईच्या खात्यात जातो, एटीएम कार्ड तिच्याकडे, हेही मोकळेपणाने सांग. लाज वाटेल. माझी बायको म्हणाली होती, "आते पैसा मनाजोडे ऱ्हाऊ दे." मला तेव्हा अपमान वाटला होता. कापूस विकल्यावर एकदम रक्कम हातात आली की काय होतं ते तिने आठ दिवाळ्या पाहिलं होतं. आजही व्यापाऱ्याकडे ती सोबत येते आणि पैसे तीच घेते.

वर्ष झालं म्हणून कार्ड परत मागू नको. माझ्या डोळ्यांदेखत दोघं याच पायरीवरून घसरले, दोघांनाही वाटलं होतं की आता जमेल. आणि आयपीएल सुरू झाली की संध्याकाळी सात ते अकरा तू एकटा बसायचं नाहीस, हे आधीच ठरवून ठेव. कोणाकडे जाणार, तेही.

शेवटच्या पैजेची तारीख सांगायची, ही आपली रीत आहे. तिच्यापासूनच सुरुवात कर. दहा मिनिटं पुरतात. आईला सोबत आण, या बैठकीला घरच्यांना बसता येतं. तो यादीचा कागद तिने जपून ठेवला असेल तर तोही आण. ज्यांचं फिटलं त्यांच्या नावावर काट मारलेली दाराजवळ बसलेल्या माणसाला दिसू दे.

साडेपाचला ये, खुर्च्या मांडायच्या आहेत.

तुझा,
काका