अप्रेझलला जाताना कागदावर काय असावं?

"मॅडम, भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी सहा वर्षं क्वालिटी इंजिनियर आहे. साहेब दरवर्षी 'काम छान आहे' म्हणतात आणि पत्रात सात-आठ टक्केच येतात. हातात महिन्याला साडेबावन्न हजार पडतात, म्हणजे वर्षाचे सहा लाख तीस हजार. वेबसाइटवर तर माझ्याच पदाला दहा लाख दिसतात. एवढी तफावत आहे, मग मागायचं कसं?"

या ताई जानेवारीच्या अखेरीला आल्या, ही जमेची बाजू होती. बहुतेक जण एप्रिलमध्ये पत्र हातात पडल्यावर येतात. तोवर वाढीचं बजेट वरून ठरून विभागांत वाटलेलं असतं आणि साहेबांच्या मनात असलं तरी हातात फारसं उरत नाही.

आधी मी तफावतच तपासली. हातात येणारी रक्कम आणि वेबसाइटवरचं सीटीसी शेजारी ठेवून उपयोग नाही. त्यांचं सीटीसी ७ लाख २० हजार होतं. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली होती, शिवाय हातात येण्याआधी त्यांच्या वाट्याचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सही कापला जात होता. पलीकडचा दहा लाखांचा आकडाही सरसकट होता. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने, पाच वर्षं अनुभवाचे आणि बारा वर्षांचे, सगळे त्यात एकत्र. काही आकड्यांत व्हेरिएबलही होतं, जे पूर्ण मिळेलच असं नसतं.

मग त्यांना चाळणी लावायला सांगितली. पुणे परिसर, पार्ट्स पुरवणाऱ्याच कंपन्या, पाच ते सात वर्षं अनुभव, व्हेरिएबल वगळून. वेबसाइटवरच्या नोंदी लोकांनी स्वतः भरलेल्या असतात, म्हणून जोडीला नोकरीच्या जाहिरातींतले आकडे आणि दोन रिक्रूटरांना फोनवर विचारलेली रेंजही घेतली. बहुतेक आकडे सव्वाआठ ते नऊ लाखांत आले. दहापेक्षा कमीच, पण एचआरने खोडून काढायला अवघड.

दुसरा कागद कामाचा. त्यांच्या पहिल्या मसुद्यात 'जबाबदारीने काम केले', 'टीमला सहकार्य केले' अशी वाक्यं होती. अशी वाक्यं सगळेच लिहितात आणि साहेब ती वाचतही नाहीत. खोदून विचारल्यावर खरी गोष्ट निघाली. एका भागाचं रिजेक्शन त्यांनी ३.२ टक्क्यांवरून १.४ वर आणलं होतं. महिन्याला ४० हजार नग बनतात, म्हणजे ७२० नग वाचले. नगामागे १८० रुपये धरले तर महिन्याला जवळपास १ लाख ३० हजार.

हा आकडा मी तसाच लिहू दिला नाही. भंगार विकून काही पैसे परत येतात, शिवाय त्याच काळात प्रॉडक्शनने भाग घट्ट पकडून ठेवणारं नवं फिक्स्चरही बसवलं होतं. त्यांनी अकाउंट्सकडून भंगाराची किंमत घेऊन वजा केली आणि प्रॉडक्शनचा वाटा मान्य करून लिहिलं, 'महिन्याला अंदाजे ६० हजार, माझ्या तपासणी-पद्धतीतील बदलामुळे'. निम्मा आकडा, पण 'कुठून आणला?' विचारलं तर उत्तर तयार. (कंपनीचे रिपोर्ट स्वतःच्या ईमेलवर पाठवायला मात्र मी सक्त मनाई केली. गोपनीयतेचा भंग ठरला तर वाढ राहिली बाजूला.)

हे दोन कागद वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तर देतात. वाढ तुम्हालाच का, हे कामाचा कागद सांगतो आणि किती, हे बाजाराचा. म्हणून मागणीही दोन भागांत मांडली: नेहमीची वार्षिक वाढ आणि त्यावर बाजारभावाशी फरक भरून काढणारं 'करेक्शन'. बऱ्याच कंपन्यांत करेक्शनची मंजुरी वेगळी असते. टक्केवारीच्या वाटपात साहेबांना एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याचं कमी करावं लागतं, करेक्शनसाठी ते वर शिफारस करू शकतात. एकूण मागणी ८ लाख ४० हजारांची.

सगळं एका पानात बसवून त्यांनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांकडे वेळ मागितली. 'घरखर्च वाढला' आणि 'अमक्याला किती मिळतं' ही दोन वाक्यं बोलायची नाहीत, एवढंच मी बजावलं होतं. 'नाहीतर सोडते' असंही नाही, कारण दुसरी ऑफर हातात नव्हती.

साहेबांनी ते पान एचआरकडे पुढे पाठवलं. एप्रिलच्या पत्रात आठच टक्के आले, म्हणजे ७ लाख ७७ हजार ६००. करेक्शन 'सहामाहीत बघू' म्हणून लटकलं. ताईंनी त्याच दिवशी बोलणं ईमेलवर उतरवून साहेबांना पाठवलं आणि ऑक्टोबरमध्ये त्याच ईमेलवर पुन्हा विचारलं. वार्षिक ४० हजारांचं करेक्शन मिळालं. रेंजच्या खालच्या टोकाला अजून थोडे कमीच, म्हणून आता त्या बाहेर मुलाखती देत आहेत, हातात तेच एक पान घेऊन.