५२ टक्क्यांतले प्रमोटरचे स्वतःचे किती?

प्रश्न: एका लिस्टेड कंपनीच्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रमोटर ५२% दिसतात, पण त्यातले ४०% ग्रुपच्याच एका अनलिस्टेड कंपनीच्या नावावर आहेत. ती कंपनी कोणाची, हे कुठे पाहायचं? मालकी गोल फिरून परत त्याच कंपनीकडे येते का, हे साध्या गुंतवणूकदाराला कागदांवरून कळू शकतं का?

कळतं. दोन-तीन संध्याकाळी जातात आणि शे-दोनशे रुपये. मी नागपुरात ऑडिटच्या कामात आहे. धंतोलीतल्या आमच्या ऑफिसात आर्टिकलशिपला येणाऱ्या पोरांना मी हे एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर शिकवतो. कंपनी म्हणजे चौकोन, मालकी म्हणजे बाण. बाण मालकाकडून निघतो, ज्या कंपनीचे शेअर्स आहेत तिच्यावर जाऊन टेकतो, आणि बाणावर टक्का लिहायचा. एखाद्या चौकोनातून निघून बाणांच्या दिशेने चालत गेल्यावर तुम्ही परत त्याच चौकोनात आलात, की वर्तुळ सापडलं.

तुमच्या प्रश्नातलेच आकडे घेऊ. लिस्टेड कंपनीला 'क' म्हणू, तिचे ४० टक्के धरून बसलेली गुंतवणूक कंपनी 'ख'. पॅटर्न दर तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत एक्स्चेंजवर येतो. त्यात वरचा गोषवारा सोडून थेट प्रमोटर ग्रुपच्या विवरणात जा, तिथे एकेक नाव असतं. समजा तिथे कुटुंबातल्या माणसांच्या नावावर १२ टक्के, 'ख'च्या नावावर ४०, आणि उरलेले ४८ पब्लिककडे. इथे बहुतेक लोक पान बंद करतात, कारण ५२ हा आकडा दिसला की जीव थंड होतो.

आता उलट बाजूने यायचं. 'क'चाच वार्षिक अहवाल उघडा आणि त्यात दोन जागा पाहा. एक, गुंतवणुकीची नोट, जिथे कोणत्या कंपनीचे किती शेअर्स आहेत ते संख्येसकट लिहिलेलं असतं. दुसरी, एओसी-१ नावाचा तक्ता, ज्यात उपकंपन्या आणि असोसिएट कंपन्या, म्हणजे निम्म्याहून कमी पण मोठा वाटा असलेल्या कंपन्या, टक्क्यांसह येतात. तुम्हाला एकच गोष्ट शोधायची आहे: पॅटर्नमध्ये मालक म्हणून आलेलं नाव इथे मालमत्ता म्हणून येतं का? 'ख' दोन्हीकडे दिसली की पुढचं काम करण्यात अर्थ आहे. समजा एओसी-१ मध्ये 'ख' असोसिएट म्हणून आहे, ४५ टक्के.

मग 'ख'चे बाकीचे मालक कोण? ती अनलिस्टेड, म्हणून एक्स्चेंजवर काही मिळणार नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीमागे १०० रुपये भरून तिचे सार्वजनिक कागद पाहता येतात. त्यातलं वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७, आणि त्याला जोडलेली भागधारकांची यादी उघडा. समजा यादीत निघालं: 'क' ४५ टक्के, ग्रुपचीच दुसरी लिस्टेड कंपनी 'ग' ४५ टक्के, कुटुंब १० टक्के. आणि 'ग'चा पॅटर्न पाहिला तर कुटुंब १५, 'ख' ३५, पब्लिक ५०.

शीटवर आता दोन वर्तुळं आहेत, दोन्ही 'ख'मधून जाणारी. 'क'कडे 'ख'चे ४५ टक्के आणि 'ख'कडे 'क'चे ४० टक्के, म्हणजे गुणाकाराने 'क' स्वतःच्याच १८ टक्क्यांची मालक झाली. हे शेअर्स खऱ्या अर्थाने कोणाचेच नाहीत. पण मतदान मात्र होतं, आणि ते 'ख'चं संचालक मंडळ करतं.

यात बेकायदेशीर काही आहे का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. कंपनी कायदा २०१३ चं कलम १९ सांगतं की उपकंपनीने आपल्या होल्डिंग कंपनीचे शेअर्स धरू नयेत. पण उपकंपनी व्हायला निम्म्याहून जास्त मतदान हातात हवं, नाहीतर संचालक मंडळ कोण असावं यावर ताबा हवा. ४५ वर कलम लागत नाही. म्हणूनच अशा शीटवर ४५, ४८, ४९ असे आकडे दिसतात तेव्हा मी त्यांना योगायोग मानत नाही. मंडळाची कसोटी मात्र तपासून पाहावी. 'ख'चे सगळे संचालक 'क'च्याच मंडळातले किंवा नोकरीतले असतील, तर नेमणुकीचा ताबा कोणाकडे आहे हा प्रश्न वार्षिक सभेत विचारण्यासारखा आहे.

आता मुख्य हिशोब. कुटुंबाचा खरा आर्थिक वाटा काढायला प्रत्येक कंपनीसाठी एक ओळ लिहायची: थेट वाटा, अधिक मधल्या कंपनीतून येणारा वाटा.

```
क = 0.12 + 0.40 × ख
ग = 0.15 + 0.35 × ख
ख = 0.10 + 0.45 × क + 0.45 × ग
```

वरच्या दोन ओळी तिसरीत घातल्या की 'ख' = ०.२२१५ + ०.३३७५ × 'ख' असं मिळतं. म्हणजे 'ख' = ०.२२१५ भागिले ०.६६२५, साधारण ०.३३४. तो पहिल्या ओळीत परत टाका: 'क'मध्ये कुटुंबाचा वाटा २५.४ टक्के. पॅटर्नवर ५२, लाभांशाच्या आणि नफा-तोट्याच्या हक्काने २५.४. याच रीतीने 'क'च्या पब्लिक भागधारकांचा वाटा काढला तर ६१ टक्के येतो, मतं मात्र ४८ टक्के. उरलेले साधारण साडेतेरा टक्के 'ग'च्या पब्लिक भागधारकांचे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो.

५२ टक्के खोटे आहेत, असा याचा अर्थ काढू नका. मतदानाचे ५२ खरेच आहेत. ज्याच्या हातात 'ख'चं मंडळ, त्याच्या हातात 'क' आणि 'ग' दोन्ही. फक्त स्वतःचा पैसा किती लावला आणि सत्ता किती मिळाली, यातलं अंतर पॅटर्न सांगत नाही, ते शीट सांगते. आपल्या सोयीसाठी एक खूण: वर्तुळ जितकं लांब, तितका गुणाकार लहान होत जातो. चार-पाच कंपन्यांचं वर्तुळ कागदावर भयानक दिसतं, पण आकड्यांत बरेचदा किरकोळ निघतं. अशा दोन कंपन्यांच्या आखूड वर्तुळातच खरा घोळ असतो.

चुका कुठे होतात, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, आत कूलरची घरघर, आणि मी एका क्लायंटला फोनवर मोठ्या थाटात सांगून मोकळा झालो की वर्तुळ आहे. नव्हतं. मी पॅटर्न त्या वर्षीच्या मार्च तिमाहीचा घेतला होता आणि एमजीटी-७ मागच्या वर्षीचा. मधल्या काळात शेअर्स विकले गेले होते. एमजीटी-७ वार्षिक सभेनंतर ६० दिवसांत भरायचा असतो, त्यामुळे ३१ मार्चचं चित्र पोर्टलवर यायला बऱ्याचदा नोव्हेंबर उजाडतो. तेव्हापासून मी सगळे कागद एकाच वर्षाच्या ३१ मार्चचे मिळाल्याशिवाय बाण काढत नाही. पॅटर्नही त्याच तारखेचा, ताजा नाही.

दुसरी चूक नावांची. नावं बदलतात, प्रायव्हेटचं लिमिटेड होतं, एकाच ग्रुपमध्ये जवळजवळ सारख्या नावाच्या तीन कंपन्या असतात. म्हणून चौकोनात नावाबरोबर २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, लिहा. तोही अमर नाही, कंपनी लिस्ट झाली की पहिलं अक्षर यू जाऊन एल येतं. जुना-नवा दोन्ही टिपून ठेवा. आणि टक्के कॉपी करू नका, शेअर्सच्या संख्येवरून स्वतः काढा. अनलिस्टेड कंपनीत प्रेफरन्स शेअर्सही असतात. ते इक्विटीत मिसळून टक्का काढला तर सगळं शीट वाकडं होतं.

पब्लिकच्या यादीवरही नजर टाका. तिथे एक टक्का किंवा जास्त असलेल्यांची नावं दिसतात. एखादी अनोळखी कंपनी तिथे दीड-दोन टक्के घेऊन बसली असेल, तर तिचाही एमजीटी-७ काढा. सेबीच्या २०१८ च्या आयसीडीआर नियमांत, प्रमोटर किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांकडे जिचे २० टक्के वा जास्त शेअर्स आहेत अशी कंपनी प्रमोटर ग्रुपमध्ये मोडते. ती पब्लिकमध्ये दाखवली असेल तर मामला गंभीर, कारण किमान २५ टक्के पब्लिक होल्डिंगचा हिशोबच चुकतो. एक टक्क्याखालचे मात्र या यादीतून दिसणार नाहीत.

पॅटर्नमध्ये लक्षणीय लाभार्थी मालकाचा, म्हणजे कंपन्यांच्या आडून शेवटी ज्या माणसाची मालकी आहे त्याचाही, तक्ता असतो. लोक तो रिकामा पाहून निश्चिंत होतात. आपल्या उदाहरणात 'ख'मध्ये कुटुंबाकडे दहाच टक्के आहेत. कंपनीमार्गे आलेली मालकी मोजायची तर मधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त वाटा लागतो, त्यामुळे वाट्याच्या कसोटीवर कोणीच बसत नाही. नियमात ताबा आणि प्रभावाची वेगळी कसोटी आहेच. म्हणून ४० टक्के धरणारी कंपनी आहे आणि तक्ता रिकामा, ही जोडी दिसली की मी शीटवर लाल पेनाने खूण करतो.

माग शेवटी अनेकदा ट्रस्टपाशी थांबतो. एलएलपी असेल तर फॉर्म ११ मध्ये भागीदार सापडतात, पण खाजगी ट्रस्टचे लाभार्थी सार्वजनिक कागदांत मिळत नाहीत. तिथे अंदाज ठोकू नका, दोन्ही टोकं मोजा. समजा 'ख'मधले ते १० टक्के कुटुंबाच्या नव्हे, एका ट्रस्टच्या नावावर आहेत. ट्रस्ट कुटुंबाचाच धरला तर 'क'मधला वाटा २५.४ टक्के. पूर्ण बाहेरचा धरला तर तिसऱ्या ओळीतला ०.१० काढून टाका आणि पुन्हा सोडवा: १९.३ टक्के. क्लायंटला मी हे दोन आकडे एकत्र देतो, 'साडेएकोणीस ते साडेपंचवीसच्या आसपास' असे, आणि त्या ट्रस्टच्या चौकोनापुढे बाण अर्धाच काढून ठेवतो.