रुपया शब्दाला, पण कोणत्या शब्दाला?

नाशिक

प्रिय मित्रा,

ठिबक सिंचन संचाचं माहितीपुस्तक इंग्रजीतून मराठीत करायचं आहे, पुण्याची एजन्सी शब्दाला एक रुपया देते आहे, काम घ्यावं का, असं तू विचारलं आहेस. नुसत्या दरावरून हे सांगता येत नाही. आधी एजन्सीला दोन गोष्टी विचार. पैसे मूळ मजकुराच्या शब्दांवर देणार की भाषांतराच्या? आणि आधीच्या भाषांतरांशी जुळणाऱ्या मजकुराला, म्हणजे मेमरीच्या मॅचला, किती टक्के देणार?

पहिला प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, इंग्रजीत ती सुटी राहतात. तुझ्याच पुस्तकात येईल असं वाक्य घे: ‘क्लोज द व्हॉल्व्ह बिफोर यू स्टार्ट द पंप.’ हे आठ शब्द झाले. ‘पंप सुरू करण्यापूर्वी व्हॉल्व्ह बंद करा’ हे सहा. मराठी शब्द मोजले तर या वाक्याचे पाव पैसे गेले आणि मेहनत तेवढीच राहिली. म्हणून इंग्रजीतून मराठीत करताना मूळ मजकुराची मोजणी माग, आणि मराठीतून इंग्रजीत करताना इंग्रजी भाषांतराची. ते मराठी शब्दांवरच अडून बसले, तर त्या प्रमाणात दर वाढवून सांग.

आता मॅचचं. मोठ्या एजन्सी काम कॅट टूलमधून, म्हणजे भाषांतराला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून देतात. आधी झालेली भाषांतरं त्याच्या मेमरीत असतात. नवी फाइल त्यांच्याशी ताडून पाहिली की एक तक्ता निघतो, त्याला ग्रिड म्हणतात. समज, पुस्तक ६,००० शब्दांचं आहे. त्यात ३,३०० शब्द नवे, १,५०० जुन्या वाक्यांशी बरेचसे जुळणारे, म्हणजे फझी, आणि १,२०० पुन्हा पुन्हा येणारे. नव्यांना पूर्ण दर, फझीला निम्मा आणि पुनरावृत्तीला वीस टक्के धरले, तर ३,३०० अधिक ७५० अधिक २४०, म्हणजे हातात येणार ४,२९० रुपये. तू ६,००० धरून बसला असशील.

याला वेळ किती लागेल ते मांड. तांत्रिक मजकुरात संज्ञा शोधत नीट काम केलं, तर नवे शब्द तासाला २५०च्या आसपास होतात. त्यांना तेरा तास. फझी दुप्पट वेगाने धरले तर तीन तास, पुनरावृत्ती तपासायला एक, आणि शेवटी सगळं सलग वाचून काढायला तीन. वीस तास झाले. म्हणजे तासाला साधारण २१५ रुपये.

हे कमी की पुरेसं, ते तुझ्या किमान दरावर ठरेल. महिन्याला तीस हजार हवेत असं धरू. पंचवीस दिवस काम केलंस, तरी ज्याचे पैसे मिळतात असे तास दिवसाला चारच्या वर फारसे जात नाहीत. बाकीचा वेळ मेल, बिलं, चाचण्या आणि काम शोधण्यात जातो. शंभर तासांत तीस हजार, म्हणजे तासाला ३०० रुपये हवेत. या हिशेबाने हे काम तोट्याचं आहे. पण थेट नाही म्हणू नकोस. ‘मॅचची सवलत न कापता सगळ्या ६,००० शब्दांना सरसकट रुपया द्या’ असं सांग, बरोबर तासाला ३०० पडतील. ग्रिड सोडायला तयार नसतील, तर शब्दाला एक रुपया चाळीस पैसे माग. तिथेही तोच आकडा येतो.

पुनरावृत्तीबद्दल एक धोका मराठीतच जास्त जाणवतो. इंग्रजीत ‘ओपन’ एकदा बटणावर असतं आणि एकदा व्हॉल्व्हची स्थिती दाखवायला. टूलच्या लेखी ती पुनरावृत्ती, पण मराठीत एकीकडे ‘उघडा’ हवं आणि दुसरीकडे ‘उघडा आहे’. टूल पहिलंच भाषांतर सगळीकडे भरतं. अ‍ॅप मराठीत आणताना, म्हणजे लोकलायझेशनमध्ये तर सुट्या ओळी येतात, पडदा दिसतच नाही. म्हणून स्क्रीनशॉट मागून घे. जे शंभर टक्के मॅच म्हणून तुला पैसे देणार नाहीत, ते फाइलमध्ये लॉक करून द्यायला सांग, म्हणजे त्यातल्या जुन्या चुकांची जबाबदारी तुझ्यावर येणार नाही.

छापील पुस्तक असेल तर भाषांतरावर काम संपत नाही. आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून श्री-लिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. तुझा युनिकोड मजकूर तिथे रूपांतरित होताना रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय लावला नसेल, तर युनिकोडही विस्कटतो. मांडणीनंतरचं प्रूफ वाचन हे वेगळं काम आहे. त्याचे पैसे तासावर ठरव आणि ते सुरुवातीलाच लिहून घे.

सबटायटलचा दर मिनिटावर असतो, म्हणून तो फसवा वाटतो. माणूस मिनिटाला १४० शब्द बोलतो असं धरलं, तर मिनिटाला ४० रुपये म्हणजे शब्दाला जेमतेम २८ पैसे. शिवाय वाचायला वेळ पुरावा म्हणून वाक्य आखडावं लागतं. वेळा लावलेली एसआरटी फाइल मिळणार की टायमिंगही तुलाच करायचं, हे विचारल्याशिवाय आकडा बोलू नकोस. दुसऱ्याचं भाषांतर सुधारण्याचा, म्हणजे संपादनाचा दर मात्र फाइल न पाहता कधीच सांगू नये. मधलं एक पान घे, घड्याळ लावून सुधार. भाषांतर इतकं कच्चं असेल की नव्याने करायला लागेल तेवढाच वेळ जातोय, तर भाषांतराचाच दर सांग.

कामाच्या शोधात एजन्सींखेरीज नाशिकमध्येही फिर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना यंत्रांच्या सूचना आणि सुरक्षेचे फलक कामगारांसाठी मराठीत लागतात, द्राक्ष निर्यातदारांना बागायतदारांसाठीच्या सूचनापत्रकांची गरज असते. मधे एजन्सी नसल्यामुळे इथे दर जास्त मिळतो, पण दुसऱ्या नजरेने तपासून घेण्याची सोय तुलाच करावी लागते. प्रोझ या भाषांतरकारांच्या संकेतस्थळावर प्रोफाइल कर, त्यात ‘शेती व यंत्रं’ असं नेमकं क्षेत्र लिही. तिथल्या ब्लू बोर्डवर काम देणाऱ्यांबद्दल इतर भाषांतरकारांनी दिलेली मतं दिसतात, ती आधी पाहा. फुकट चाचणी अडीचशे-तीनशे शब्दांपर्यंत ठीक. दीड हजार शब्दांची ‘चाचणी’ मागितली, तर अख्खं काम उमेदवारांत वाटून फुकटात उरकलं जात असण्याची शक्यता असते. नोंदणी फी मागणाऱ्याला उत्तरही देऊ नकोस.

काम सुरू करण्याआधी मेलवर वर्क ऑर्डर घे. त्यात शब्दसंख्या, मोजणीचा आधार, दर, मुदत आणि पैसे किती दिवसांत, हे सगळं हवं. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, ती आधी करून टाक. एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलावर उद्यम क्रमांक छाप. टीडीएस कापला गेला, तर तो आयकर पोर्टलवर तुझ्या नावावर दिसतोय का ते तपास आणि रिटर्न भरताना हिशेबात घे.

एजन्सीकडून ग्रिडची एक्सेल फाइल आली की मला पाठव, त्यांच्या टक्क्यांवर आकडा पुन्हा मांडून बघू. तोपर्यंत होकार कळवू नकोस.

सस्नेह