किटली, थंड ताट आणि गगनबावड्याचा पाऊस

प्रश्न: चौथीच्या मुलांना पावसाळ्यात पाऊस का पडतो हे किटली आणि थंड ताटाने कसं दाखवू? आम्ही कोल्हापूरचे.

स्टीलच्या ताटात बर्फ घाला आणि ते उकळत्या किटलीच्या तोटीपासून वीतभर वर, जरा तिरकं धरा. हात भाजू नये म्हणून ताट मोठ्यांनीच, सांडशीने धरावं. मिनिटभरात खालून थेंब जमतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि टपकतात. थेंब थांबले तर ताट तापलंय, बर्फ बदला.

तोटीलगत काहीच दिसत नाही, तिथे खरी वाफ असते. पुढचा पांढरा धूर म्हणजे बारीक थेंब, म्हणजेच ढग. हे मुलांना आवर्जून दाखवा.

मग सांगा: किटली म्हणजे अरबी समुद्र, ताट म्हणजे सह्याद्री. पण समुद्र उकळत नाही, उन्हाने पाणी हळूहळू हवेत जातं. आणि डोंगर बर्फासारखा गार नसतो. वारा घाट चढताना वर हवेचा दाब कमी होतो, हवा फुगते आणि फुगल्यानेच गार होते. म्हणून गगनबावड्याला धो धो पाऊस. घाट उतरलेली हवा पुन्हा तापते, त्यामुळे कोल्हापुरात त्याहून कितीतरी कमी.