गरम पाणी नेमकं कधी लागतं?

बाळाचे कपडे आणि टॉवेल दर वेळी गरम पाण्यातच धुवायचे का?

नाही. लाळ-दूध लागलेली झबली थंड पाण्यात साबणाने नीट निघतात. उलट दुधाचा डाग गरम पाण्यात टाकला तर तो पक्का बसतो.

गरम पाणी हवं ते शी लागलेल्या लंगोटांना, घरात जुलाब-उलट्या चालू असताना, आणि अंग पुसायच्या टॉवेलांना, कारण ते तासन्तास ओलसर राहतात. लंगोटाची शी आधी थंड पाण्याने काढा, मग मशीनमध्ये ६० अंशांवर पावडर घालून धुवा. हाताला सोसवणारं पाणी जेमतेम ४० अंशांचं असतं. त्याने मळ सुटतो, पण जंतू फारसे मरत नाहीत. वाळलेला टॉवेल ओला होताच कुबट वास आला, तर त्याला ६० अंशांची धुलाई हवीच, आणि नंतर पूर्ण वाळवणंही.