आधी साडीबद्दल बोल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लग्नात ओळख नसलेल्या बाईशी साडीचं कौतुक करून बोलणं सुरू केलं तर चालेल का, असं विचारलं आहेस. चालेल. पण कौतुक साडीचंच हवं. ‘या साडीत काय दिसताय तुम्ही!’ म्हणालास की साडी बाजूला पडते आणि बोलणं तिच्या दिसण्यावर जातं. त्यावर ‘थँक्यू’पलीकडे ती काय म्हणणार? साडी मात्र तिने निवडलेली असते किंवा कुणीतरी दिलेली असते, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडे काहीतरी असतं.

इरकलचंच घे, कर्नाटकातल्या इलकलकडची साडी. लाल पदर आणि त्यावर पांढरी, कंगव्याच्या दातांसारखी नक्षी दिसली की म्हण, ‘इरकल आहे का? पदरावरून वाटलं.’ बरोबर असेल तर उत्तर येईल, ‘हो, आईची आहे.’ चुकलं तर ती दुरुस्त करेल, म्हणजे बोलणं सुरू झालंच. छातीठोकपणे ‘वा, पैठणी!’ म्हणणारे पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत. अंगावर असते सेमी पैठणी, आणि त्या बिचारीला एकतर खोटं हो म्हणावं लागतं, नाहीतर चारचौघांत खुलासा करावा लागतो. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी उलट बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, हे तुला ठाऊक असलं तरी पदर उलटून बघायचा नाही. किंमतही विचारायची नाही. (ते दोन्ही हक्क आम्हा मावश्या-आत्यांचे.)

आता तिचं उत्तर नीट ऐक. ‘थँक्यू’ म्हणून नजर दुसरीकडे गेली, तर हसून पुढे जा, दुसरं कौतुक शोधू नकोस. ‘आईची आहे’ असं स्वतःहून सांगितलं, तर साडी सोड आणि आईबद्दल विचार: ‘त्या तिकडच्याच का?’ इथे बरेच जण घसरतात. तिने आईचं नाव काढलेलं असतं आणि हे पुन्हा ‘पण रंग काय खुलतोय तुम्हाला’वर येतात.

जागाही बघ. जेवणाच्या रांगेत किंवा शेजारच्या खुर्चीवर ठीक. दोघंच असलेल्या लिफ्टमध्ये नको. आणि ऑफिसात तुझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीला तर नकोच, कारण तिला आवडलं नाही तरी तोंडावर सांगता येणार नाही.

पुरुषांच्या बाबतीत काम सोपं. त्यांच्या शर्टाकडे सहसा कोणी बघतच नाही. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या टोकावर बसलेली दिसली की विचार, ‘शिवून घेतलात का?’ शिवलेला असेल तर शिंप्याचं नाव, त्याचं दुकान आणि तो दिवाळीत किती उशीर करतो, इथपर्यंत सगळं ऐकायला मिळेल.

तुझी,
मावशी